सटीची पूजा: सहावी रात्र नक्की कुठली धरायची आणि बाळाजवळ काय काय ठेवायचं?

शेवंती_पुणे
नमस्कार मंडळी. बहिणीला मुलगी झाली, गुरुवारी रात्री झोपायच्या वेळेला कळा सुरू झाल्या आणि शेवटी सिझर होऊन १ वाजून ४० मिनिटांनी बाळ आलं, म्हणजे घड्याळाप्रमाणे शुक्रवार. दोघी ठणठणीत आहेत. डिस्चार्ज सोमवारी म्हणतायत पण नक्की नाही.

आता घरात गोंधळ असा की आमची आई साताऱ्याकडची, तिच्याकडे पाचवी पूजतात. बहिणीचं सासर रत्नागिरीचं, तिच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या की आमच्यात सहावीच, सटीची रात्र चुकवायची नाही, पाचवीचं काही नसतं. त्यात पाचवी म्हणजे सोमवार की मंगळवार आणि सहावी मंगळवार की बुधवार यावर दोन्ही घरांत तीन मतं आहेत 😄 आणि आईने मला यादी दिलीये, पाटा-वरवंटा, विळा, कोरा कागद, पेन, बिब्बा, वेखंडाचा तुकडा, रुईची पानं, खण, नारळ, घुगऱ्यांना हरभरे. आमच्याकडे पाटा नाही, मिक्सर आहे. विळी पण नाही, विळा तर लांबच. मेहुणे म्हणतात बाळाच्या उशाशी कोयता ठेवणार असाल तर मी बाळ घेऊन लॉजवर राहतो.

तर ज्यांच्याकडे खरंच करतात त्यांनी सांगा, दिवस कसा मोजायचा आणि यातलं बाळाच्या जवळ काय असतं, नुसतं पूजेत काय असतं. मंगळवारच्या आत उत्तर मिळालं तर बरं.

घाटावरची_मावशी
अभिनंदन गं. आमच्या फलटण भागात पाचवीच मोठी, सहावी त्याच्या मागोमाग साधी. सगळं बाळंतिणीच्या खोलीत करायचं, देवघरात नाही, सोयर असतं ना, घरचे देव त्या दिवसांत शिवायचे नसतात. पाटा धुऊन खोलीत भिंतीला लावून मांडायचा, खाली तांदूळ, त्यावर वरवंटा. वरवंटा म्हणजेच सटवाई. त्याला हळदकुंकू, वर खण घालायचा, आमच्या सासूबाई त्याला चक्क बाळाची कुंची घालायच्या. बाजूला रुईची पानं, त्यावर सुपाऱ्या, बांगड्या, फणी, काजळाची डबी. कणकेचे दिवे पाच. ते फार वेळ टिकत नाहीत, वळताना हळद घातली तरी तेल पितात आणि विझतात, म्हणून रात्रभरासाठी एक समई वेगळी. नैवेद्याला भात, वरण, पुरण झालं तर पुरण, आणि हरभऱ्याच्या नाहीतर गव्हाच्या घुगऱ्या. घुगऱ्या गल्लीतल्या पोरांना वाटायच्या, त्याशिवाय पाचवी झाली असं कुणी मानत नाही.

पूर्वी हे सगळं सुईण करायची. आई नाही, सासू नाही, सुईण. पूजा तिनेच मांडायची आणि पाट्यावरचे तांदूळ, खण, नारळ, पैसे तिचे. तिची ओटी भरूनच पाठवायची. आता सुईण नाही तर घरातली जाणती बाई करते.

बाळापाशी काय, तर विळा खाटेखाली, आणि कोरा कागद-पेन पाट्यावर. बाकी बाळाला काही लागत नाही. हां, पाचवीपर्यंत बाळाला जुन्या लुगड्यात गुंडाळायचं, पूजा झाली की पहिलं शिवलेलं झबलं-टोपरं घालायचं. ते सांगितलं का आईने?

शेवंती_पुणे
नाही सांगितलं आणि हॉस्पिटलने पहिल्याच तासात टोपी-झबलं घातलं मावशी 😅

घाटावरची_मावशी
अगं मग नवीन एक आण पाचवीला, झालं.

मध्यरात्र_१२
दिवस मोजणं एवढं अवघड नाहीये. रात्री १२ नंतर तारीख बदलते, बाळ शुक्रवारचं, जन्मदाखल्यावरही शुक्रवारच येणार, शुक्रवार एक, बुधवार सहा. आणि सटवाई म्हणजे सरस्वतीच, म्हणून वही-पेन ठेवतात, बाळ शिकून मोठं व्हावं म्हणून. आमच्याकडे पाटीपूजन पण असंच करतात दसऱ्याला.

पोथीतला_किडा
मध्यरात्र भाऊ, दाखल्यासाठी शुक्रवार बरोबरच आहे, पण पूजेचा दिवस सूर्योदय ते सूर्योदय. पहाटे १:४० म्हणजे अजून गुरुवार चालू आहे. जन्माचा दिवस पहिला धरतात, म्हणून गुरुवार एक, शुक्रवार दोन, शनिवार तीन, रविवार चार, सोमवार पाचवी, मंगळवार सहावी. मंगळवारी दिवेलागणीनंतर पूजा आणि जागरण मंगळवारची रात्र. शेवंतीताई, तुमच्या घरात बुधवार म्हणणारे घड्याळाने मोजतायत. घड्याळानेच पण जन्माचा दिवस सोडून कुणी मोजत असेल तर तो गुरुवारवर जाईल, तेही लोक करतात, पण जुनी रीत पहिला दिवस धरूनच.

दोन्ही घरांचं भांडण मिटवायचं असेल तर सांगा की धर्मसिंधूत पाचवा आणि सहावा असे दोन्ही दिवस पूजेचे दिलेत. काशीनाथ उपाध्यायांनी म्हणजे पंढरपूरच्या बाबा पाध्यांनी १७९० च्या सुमारास लिहिलेला ग्रंथ, महाराष्ट्रात भटजी अजून त्याच्यावर चालतात. त्यात षष्ठी आहे, जिवंतिका आहे, जन्मदा आहे, विघ्नेश आहे, आणि रात्री घरातल्यांनी जागं राहायचं, पुरुषांनी हातात शस्त्र घेऊन आणि बायकांनी गाणी म्हणत. खोलीत दिवा, अग्नी, शस्त्र, मुसळ असावं असंही. तुमच्या आईचा विळा आणि मावशींचा खाटेखालचा विळा तिथलाच आहे, शेतकऱ्याच्या घरी तलवार कुठून येणार, जे लोखंड हाताशी ते.

सोयराबद्दल पण त्यात सोय आहे. पहिला, पाचवा, सहावा, दहावा या दिवशी दान द्यायला-घ्यायला आणि ही पूजा करायला अडचण नाही, फक्त त्या घरचं शिजवलेलं अन्न बाहेरच्यांनी घेऊ नये म्हणतात. आता मावशी गल्लीभर घुगऱ्या वाटतात, म्हणजे पोथी एकीकडे आणि गल्ली एकीकडे 🙂

सरस्वतीचं मात्र नाही हो. सटवाई ही षष्ठी. ब्रह्मवैवर्त पुराणात राजा प्रियव्रत आणि मालिनी यांना मेलेलं मूल होतं, राजा ते घेऊन स्मशानात जातो आणि तिथे षष्ठी येऊन ते जिवंत करते, मग तिची पूजा सुरू होते अशी कथा आहे. प्रकृतीचा सहावा अंश म्हणून षष्ठी, कार्तिकेयाची बायको देवसेना ती हीच. पेन शिकण्यासाठी नाही, त्या रात्री ती कपाळावर लिहिते म्हणून तिला लेखणी-दौत.

मध्यरात्र_१२
बरं सरस्वती मागे घेतो पण लिहिणारा ब्रह्मदेव असतो असंच मी लहानपणापासून ऐकलंय. ब्रह्मलिखित म्हणतात ना.

पोथीतला_किडा
दोन्ही म्हणतात. काही घरांत ब्रह्मा सांगतो आणि ती लिहिते. भांडू नका, दोघांना एकच पेन आहे.

तर्कट_तात्या
मी जरा नास्तिकपणा करतो, माफी असावी. सहावाच दिवस का, याचं सरळ उत्तर धनुर्वात आहे. नाळ माती लागलेल्या विळ्याने कापायची, वर शेण किंवा राख लावायची, आणि बरोबर पाच-सहा-सात दिवसांनी बाळ ताठ होऊन जायचं. लोकांनी त्याला सटवी लागली म्हटलं. मग त्या दिवसाला देवी बसवली आणि जागरण लावलं. आणि गंमत म्हणजे ज्या विळ्याने रोग दिला तोच खाटेखाली राखणदार म्हणून.

परिचारिका_मीना
तात्या तुम्ही निम्मे बरोबर आहात. मी नवजात शिशु विभागात काम करते. नवजाताचा धनुर्वात साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात दिसतो आणि बऱ्याच केसेस आठवड्याच्या आसपास. पहिले दोन दिवस छान दूध ओढणारं बाळ अचानक ओढेनासं होतं, जबडा आवळतो, मग हात लावला किंवा आवाज झाला तरी अंग ताठतं. जुन्या सिस्टर्स सांगायच्या की खेड्यातून आलेले लोक सरळ म्हणायचे, सटवी आली. आईला गरोदरपणात धनुर्वाताची दोन इंजेक्शनं आणि निर्जंतुक ब्लेड, एवढ्यानेच ते संपलं, २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात माता आणि नवजाताच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं. मी स्वतः एकही केस बघितलेली नाही.

पण सहावा दिवस त्याच्यावरून ठरला हे मी म्हणणार नाही. पहिल्या आठवड्यात बाळं दगावायची ती फक्त धनुर्वाताने नाही, थंडीने, कमी वजनाने, जंतुसंसर्गाने, कावीळ चढून.

शेवंती, तुझ्या यादीकडे येते, कारण मला त्यातल्या दोन वस्तूंची विळ्यापेक्षा जास्त भीती वाटते. पहिला बिब्बा. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, भाजल्यासारखे, मोठ्या माणसाला सुद्धा. काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवून बाळाच्या मनगटाला किंवा पाळण्याला बांधतात आणि उन्हाळ्यात किंवा हातात दाबला गेला की तेल सुटतं. मी एका बाळाच्या गालावर बघितलंय, आईवडिलांना वाटलं काहीतरी चावलं. दाराच्या चौकटीला बांधा हवं तर, बाळाच्या खाटेच्या हाताला नको. दुसरी रुईची पानं. तोडली की पांढरा चीक येतो, तो डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. ज्याने पानं तोडली त्याने साबणाने हात धुतल्याशिवाय बाळ घ्यायचं नाही, आणि पानं पाट्यावरच राहू देत.

वेखंडाचा तुकडा नुसता उशाशी पडलेला असला तर काही बिघडत नाही, पण कुणीतरी आजी तो उगाळून जिभेवर लावते, ते करू देऊ नका. मध पण नाही, वर्षाच्या आत अजिबात नाही. आणि धुरी, शेगडीवर ओवा-लसूण-वेखंड टाकून बंद खोलीत धूर करतात, तो अजिबात नको. समई चालेल पण पडद्यापासून लांब आणि जिथे बाळंतीण रात्री उठताना पदर लागणार नाही अशी.

तर्कट_तात्या
मग जागरण म्हणजे नजर ठेवणंच झालं की. तेच म्हणतोय मी.

पोथीतला_किडा
तात्या, जागरण नजर ठेवायला असतं तर पाचव्या-सहाव्या रात्रीच का, बाराही रात्री ठेवायला हवं. आणि लिहिणाऱ्या देवीला पेन देणाऱ्याला रोग टाळायचा नसतो, तिला बरं लिहायला लावायचं असतं. भीती आणि लाच दोन्ही आहेत यात, मी एकाच कारणात बसवत नाही.

तर्कट_तात्या
आपलं मत आपल्यापाशी.

मडगावची_सुलु
आमच्या गोंयांत पण सटी म्हणतात, हिंदू घरांत सहाव्या रात्री असंच. पण खरं विचारायचं म्हणजे बारशाला पाळण्याला काय काय बांधतात ते सांगा ना कुणी, माझ्या भावाच्या मुलाचं बारसं आहे पुढच्या आठवड्यात आणि गोविंद घ्या गोपाळ घ्या म्हणताना पाळण्याखालून कोण पास करतो ते मला नेहमी उलटसुलट होतं.

घाटावरची_मावशी
सुलुताई बारशासाठी वेगळा धागा काढा, मी येते तिकडे 🙂

एडिसनवासी
आम्ही न्यू जर्सीत केलं. बाळ तिसऱ्या दिवशी घरी आलं होतं. समईचा प्रॉब्लेम झाला, जवळच छताला अलार्म आहे, कापूर लावला आणि सगळी बिल्डिंग जागी, त्या रात्री जागरण आपोआप झालं. सासूबाईंनी मग फक्त एक निरांजन आणि रात्रभर बॅटरीचा दिवा लावला. पाटा नव्हता, त्यांनी खलबत्त्याचा बत्ता उभा करून त्यालाच खण गुंडाळला. पेन म्हणून बॉलपेन ठेवलं तर आईने (माझ्या) व्हिडिओ कॉलवर ओरडून सांगितलं की टोपण काढ, टोपण लावलं तर ती लिहिणार कशी. मग मी उठून टोपण काढलं.

घाटावरची_मावशी
बत्ता चालतो. पूजेच्या दुकानात छोटे दगडी पाटा-वरवंटे पण मिळतात शेवंती, एका हातात मावतील एवढे, लग्नासमारंभाच्या सामानात असतात. नाहीतर नदीतला गुळगुळीत गोल दगड, तोच खरा. गावच्या शिवेवर सटवाई असते ती तरी काय, शेंदूर लावलेला तांदळाच असतो. त्याला घडीव मूर्ती कुठे असते.

आरती_नि_ऋग्वेद
माझा प्रश्न शेवंतीसारखाच पण उलटा आहे. माझा मुलगा सातव्या महिन्यात झाला, सहाव्या रात्री तो काचेच्या पेटीत आणि मी वॉर्डात. सासूबाईंनी घरी एकटीने पूजा मांडली, माझ्या खाटेवर माझी साडी आणि त्याचं न घातलेलं टोपरं ठेवून. मला त्या वेळी फार राग आला होता, इथे डॉक्टर ४८ तास सांगतायत आणि घरी घुगऱ्या. आता तो पाचवीत आहे. पण मला अजून विचारायचं आहे की मूल घरी नसताना केलेली सटी चालते का, का नंतर परत करायची असते? काकू एक सांगतात की घरी आल्यावर सहाव्या दिवशी करायला हवी होती.

पोथीतला_किडा
दिवस जन्मावरून धरतात, घरी आल्यावरून नाही. तुमच्या सासूबाईंनी जे केलं ते बरोबर दिवशी केलं. मूल समोर असावं असा आग्रह आहे, पण ते शक्य नसेल तर बाळंतिणीच्या जागेवर करतात.

घाटावरची_मावशी
आमच्याकडे आजारपणामुळे सहावी राहिली तर सव्वा महिन्याने थेट सटवाईच्या ठिकाणी नेऊन करतात, बाळाला तिच्या पायावर घालतात. काहींच्यात जावळ पण तिथेच काढतात आणि बोकड असतो. किडा भाऊंच्या पोथीत नसेल हे.

पोथीतला_किडा
नाही, ते पोथीबाहेरचं आहे आणि तेच जुनं असावं असं माझं मत.

आरती_नि_ऋग्वेद
म्हणजे दोघांची दोन उत्तरं 🙂 ठीक.

कोकणची_माई
रत्नागिरीकडचं मी सांगते, सासूबाईंची बाजू म्हणून. आमच्यात सहावीच्या रात्री लाकडी पाटावर तांदळाची रास, त्यावर सुपारी, ती सटी. खाली पाटावर कोरा कागद आणि बोरू, आजोबांचा बोरू होता तो प्रत्येक नातवंडाच्या वेळी काढायचे. दौतीत शाईच्या जागी कुंकवाचं पाणी. रात्री कागदाकडे कुणी बघायचं नाही, आणि त्याच्यावर कुणी नंतरही काही लिहायचं नाही. आणि त्या रात्री बाळाला एकटं एक मिनिट टाकायचं नाही, बाळंतीण बाथरूमला गेली तरी कुणीतरी बाळाला हात लावून बसायचं. माझ्या आत्येला बाळाला हात लावून बसलेली असताना डुलकी लागली तर आजीने तिला पुढे वीस वर्षं त्यावरून ऐकवलं.

आणि मुलगी झाली म्हणून काही घरांत सटी गुंडाळायचे, दिवा लावला की झालं. तुमच्याकडे तसं नको, नीट करा. लेख मुलीच्या कपाळावर पण असतो.

शेवंती_पुणे
माई सासूबाई त्या बाबतीत पुढे आहेत, त्यांनीच जास्त आग्रह धरलाय. पण एक विचारते, सगळं आधीच लिहिलं जाणार असेल तर पूजा करून बदलतं का काही? मेहुण्यांचा हा प्रश्न आहे आणि मला उत्तर देता आलं नाही.

लोककथा_वेडी
त्यावर तर आपल्याकडे गोष्टच आहे. इरावती कर्वे यांनी १९५० मध्ये ती इंग्रजीत छापली होती, ग्रीकांच्या इडिपसच्या गोष्टीची मराठी बहीण म्हणून. सटवाईला एक मुलगी असते. आई रोज रात्री बाहेर जाते, मुलगी विचारते कुठे जातेस, आई म्हणते बाळांच्या कपाळी लिहायला. मग माझ्या कपाळी काय लिहिलंस? आई टाळते, मुलगी हट्ट धरते, शेवटी सांगते की तू तुझ्याच मुलाशी लग्न करशील. मुलगी म्हणते मी पुरुषाचं तोंडच बघणार नाही, आणि रानात जाऊन राहते. एक राजा तिथल्या तळ्यात चूळ भरतो, ती ते पाणी पिते आणि तिला दिवस राहतात. मूल झालं की ती त्याला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून टाकून देते. दुसरं कुणीतरी त्याला वाढवतं, तो मोठा होतो आणि रानात तिच्याशीच त्याचं लग्न होतं. पुढे सासूच्या पेटीत तिला तो लुगड्याचा तुकडा सापडतो.

ग्रीक गोष्टीत इथे डोळे फोडून घेणं, गळफास वगैरे होतं. आपल्या गोष्टीत ती तुकडा बघते, सगळं समजते, कुणाला काही बोलत नाही आणि संसार करते. मेहुण्यांना सांगा, सटवाईला स्वतःच्या मुलीचं लिहिलेलं पुसता आलं नाही, मग आपण खण-नारळाने काय पुसणार. तरी खण देतोच.

तर्कट_तात्या
ही गोष्ट आवडली. सासूने तो तुकडा इतकी वर्षं जपला का म्हणे?

लोककथा_वेडी
बायका काहीही टाकून देत नाहीत म्हणून.

परिचारिका_मीना
सिझर झालंय हे विसरू नका कुणी. बाळंतिणीला पाटावर मांडी घालून बसवायचं नाही, वाकून पाट्याला हळदकुंकू वाहायला लावायचं नाही. पूजा टेबलावर किंवा उंच स्टुलावर मांडा, तिने खाटेवरून हात जोडले तरी पुरे. आणि रात्रभर तिला जागवू नका, तिला बाळ मागेल तसं दूध पाजायला उठावंच लागतंय, बाकीच्यांनी पाळी लावून जागा.

काळा दोरा बांधणार असाल तर मनगटाला नको, आठ दिवसांत हात भरतो आणि दोरा रुततो, लोकांच्या लक्षात येत नाही कारण बाहीखाली असतो. गळ्यात तर काहीच नाही, सटवाईचा चांदीचा टाक असला तरी नाही, बारशाच्या फोटोपुरता घाला आणि काढा. बोटभर जागा राहील असा सैल करगोटा कमरेला, आणि रोज आंघोळीच्या वेळी बघायचा.

विळ्याचं, खाटेखाली जमिनीवर, पातं भिंतीकडे, फडक्यात गुंडाळून. उशीखाली सुरी, पाळण्यात आडकित्ता, हे मी घरी भेटी द्यायला जाते तेव्हा अजून बघते आणि अंगावर काटा येतो. बाळाच्या अंथरुणात बाळाशिवाय काहीही नको, उशी पण नको.

शेवंती_पुणे
विळा नाहीच मिळाला, सोसायटीच्या माळीदादांकडे कोयता आहे तो देतो म्हणाले. आईला चालेल.

मध्यरात्र_१२
माळ्याचा कोयता धुऊन घ्या हो, धनुर्वाताची चर्चा झालीये वर.

शेवंती_पुणे
अपडेट. डिस्चार्ज सोमवारचा मंगळवार सकाळवर गेला, बिलिरुबिन थोडं वर होतं म्हणून एक रात्र निळ्या लाइटखाली ठेवलं. त्यामुळे सोमवारी आईने पाचवी आमच्या घरी बाळाशिवाय केली, बत्त्याला खण, घुगऱ्या आणि ती एकदम शांत झाली कारण तिचा दिवस मिळाला. हॉस्पिटलमध्ये दिवा लावायचं विचारलं तर सिस्टर नाही म्हणाल्या, ऑक्सिजनच्या लाइनी असतात, ते बरोबरच होतं. मंगळवारी रात्री सटी, सासूबाई रत्नागिरीहून दुपारच्या गाडीने आल्या, सुपारी आणि कुंकवाचं पाणी त्यांचं, बत्ता आमचा, एकाच टेबलावर. बिब्बा दाराला बांधला. रुईची पानं मेहुण्यांनी स्वतः तोडून आणली आणि मीनाताईंची पोस्ट वाचून तीनदा हात धुतले. कोयता खाटेखाली साडीच्या फडक्यात. पहाटे चारपर्यंत मी आणि मेहुणे जागे, मग सासूबाई. कावीळ आज सकाळी परत तपासली, उतरलीये.

आता प्रश्न राहिला कागदाचा. आई म्हणते देवाच्या पेटीत ठेव, सासूबाई म्हणतात बारशानंतर पाण्यात सोडायचा. तुमच्याकडे काय करतात?

कोकणची_माई
आमच्यात विहिरीत सोडायचे. आता विहीर कुठली, तुळशीत घालते मी.

घाटावरची_मावशी
आम्ही पाळण्याच्या गादीखाली ठेवतो, बारशाच्या दिवशी काढून त्याच्याच पुडीत पहिलं जावळ ठेवायचं वर्षभराने. पण हरवतो बऱ्याचदा.

एडिसनवासी
आमचा अजून फाइलमध्ये आहे, सोशल सिक्युरिटी कार्डच्या मागे. मुलाने परवा विचारलं हा कोरा पेपर का ठेवलाय, मी म्हटलं आजीला विचार.

मडगावची_सुलु
बारशाचा धागा काढलाय, मावशी या तिकडे लवकर.